कोन ठेवले, फलक लावला, तरी गाडी खड्ड्यात का गेली?

नमस्कार मंडळी. आज एकच प्रसंग घेऊ आणि तो मीटर-सेकंदांत मोजून बघू. रस्ता सरळ आहे, एका दिशेला दोन लेन आहेत, वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. कडेच्या लेनमध्ये पाइप टाकायला ६० मीटर लांबीचा चर खणलाय. ठेकेदाराने चराच्या अलीकडे २० मीटरमध्ये पाच कोन, म्हणजे लेन अडवायचे शंकू, तिरप्या रांगेत मांडलेत आणि त्याच्याही अलीकडे ३० मीटरवर ‘काम चालू, सावकाश’ असा फलक लावलाय. संध्याकाळी फोटो काढून वर पाठवलाय. कागदावर सगळं झालेलं आहे.

आता रात्रीची वेळ घ्या. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. फलकापासून चरापर्यंत अंतर ५० मीटर, म्हणजे सव्वादोन सेकंद. माणसाला काहीतरी अनपेक्षित दिसतं, ते काय आहे हे कळतं आणि पाय ब्रेकवर जातो, या सगळ्यासाठी रस्त्याची आखणी करणारे अडीच सेकंद धरतात. फलक थोडा आधीपासून दिसतो हे मान्य, पण अंधारात, डिपवरच्या हेडलाइटमध्ये, धूळ बसलेला फलक किती आधी वाचता येईल? तो अगदी जवळ आल्यावरच वाचता आला, तर ब्रेकवर पाय पडायच्या आधी चर आलेला असतो. मग लोक म्हणतात, ड्रायव्हर बेफाम होता. इथे ड्रायव्हर मर्यादेतच होता. त्याला सूचना मिळाली, पण त्या सूचनेवर काही करायला वेळच मिळाला नाही.

ठेकेदाराच्या जबाबदारीचं मोजमाप मी असंच करतो. फलक आहे की नाही, हा अर्धाच प्रश्न झाला. तो वाचल्यावर माणसाकडे किती सेकंद उरतात, हे बघायला हवं.

(पडद्यावर रस्त्याची वरून दिसणारी आकृती)

मग हीच जागा नीट कशी मांडायची? सुरुवात चराजवळून करायची नाही, लांबून करायची. अशा उघड्या रस्त्यावर पहिला फलक कोन सुरू व्हायच्या साधारण ४५० मीटर आधी हवा: ‘पुढे रस्त्याचं काम’. दुसरा ३०० मीटर आधी: ‘कडेची लेन बंद’. तिसरा १५० मीटर आधी, गाडी कुठल्या बाजूला सरकवायची ते बाणाने दाखवणारा. तिन्ही फलक वेगवेगळं सांगतात, आणि एका वेळी एकच गोष्ट सांगतात. एकाच फलकावर पाच ओळी लिहिल्या तर ८०च्या वेगात त्या कोणी वाचत नाही.

त्यानंतर येते तिरपी कोनांची रांग. साइटवर तिला टेपर म्हणतात. बंद लेनमधल्या गाड्यांना हळूहळू शेजारच्या लेनमध्ये सरकवणं हे तिचं काम. ती किती लांब हवी, याचं अमेरिकेच्या वाहतूक नियमावलीत एक सोपं सूत्र आहे आणि ते कुठेही पडताळून बघता येतं. ताशी ७० किलोमीटर आणि त्यावरच्या वेगासाठी, बंद केलेल्या लेनची रुंदी मीटरमध्ये घ्या, तिला वेगाने गुणा आणि १.६ने भागा. आपली लेन साडेतीन मीटर. ३.५ गुणिले ८० म्हणजे २८०, भागिले १.६, आले १७५ मीटर. आपल्या ठेकेदाराने दिले होते २० मीटर.

ताशी ६० आणि त्याखालच्या वेगाला सूत्र बदलतं: रुंदी गुणिले वेगाचा वर्ग, भागिले १५५. म्हणजे ६०ला तीच लेन बंद करायला साधारण ८१ मीटर, आणि ४०ला फक्त ३६ मीटर.

इथे एक पळवाट निघते, आणि ती मला फार खटकते. ठेकेदार टेपरच्या तोंडाशी ४०चा फलक लावतो आणि म्हणतो, आता इथला वेग ४० आहे, म्हणून ३६ मीटर पुरे. हा हिशेब चुकीचा आहे. सूत्रात घालायचा वेग म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीची त्या रस्त्याची मर्यादा, किंवा गाड्या तिथे खरोखर ज्या वेगाने येतात तो. खरा वेग काढताना, शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाला किंवा त्याखाली असतात, तो आकडा घेतात. फलक लावल्याक्षणी वेग उतरत नाही. तो उतरायलाही रस्ता लागतो.

टेपर हवी त्यापेक्षा खूप लांब केली तरी फायदा नाही. मग ड्रायव्हरला वाटतं अजून पुष्कळ जागा आहे, तो बंद होत चाललेल्या लेनमध्ये रेंगाळतो आणि शेवटच्या क्षणी आत घुसतो. कोनांमधलं अंतरही वेगावरून ठरतं. ताशी ८०ला टेपरमध्ये दोन कोनांत १६ मीटरपेक्षा जास्त अंतर नको. म्हणजे १७५ मीटरला १२ कोन. पाच कोनांत हे भागत नाही. मध्ये फट मोठी राहिली की ती कोणाला तरी वाट वाटते, विशेषतः दुचाकीवाल्याला.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. टेपर संपली की लगेच चर नको. मध्ये मोकळी जागा हवी, आणि मोकळी म्हणजे पूर्ण मोकळी. या वेगाला ती साधारण १३० मीटर धरतात. हा आकडा कुठून आला? अडीच सेकंदांत गाडी ५५ मीटर जाते, आणि पुढे बेताने ब्रेक दाबून थांबायला ७० मीटरच्या वर लागतात. दोन्ही मिळून तेवढंच होतं. ज्याला टेपर दिसलीच नाही, जो पेंगला होता, ज्याचा टायर फुटला, त्याच्यासाठी ही शेवटची संधी आहे. तो कोन उडवत आत येईल, पण थांबू शकेल. प्रत्यक्षात या जागेत काय असतं? टिपर उभा असतो, पाइपांचा ढीग असतो, सावली बघून मजूर जेवायला बसलेले असतात. साइट इंजिनिअरला ती जागा वाया गेलेली वाटते. आणि आत येणारी गाडी आधी त्याच माणसांवर येते.

तात्पुरत्या वेगमर्यादेबद्दल थोडं. ८०च्या रस्त्यावर एकदम ३०चा फलक लावला तर काही जण कचकन ब्रेक मारतात, काही जण बघतही नाहीत, आणि या दोघांमधली तफावतच मागून धडक घडवते. म्हणून टप्प्याटप्प्याने उतरवायचं, आणि जिथे खरंच गरज आहे तेवढ्याच लांबीत. काम बंद असेल, लेन मोकळी असेल, तर फलक झाकायचा किंवा काढायचा. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर ४०चा फलक बघितलेला माणूस उद्या माणसं काम करत असतानाही त्याच वेगाने येतो. आणखी एक गोष्ट: वेगमर्यादा ठेकेदाराने मनाने ठरवायची नसते. ती रस्त्याच्या अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावी लागते, नाहीतर तो नुसता रंगवलेला पत्रा.

वळणमार्गाचं गणितही असंच आहे, फक्त तिथे हुकतात ते फलक मधल्या चौकांतले. पहिल्या फाट्यावर मोठा बाण असतो आणि पुढच्या चौकात काहीच नसतं. प्रत्येक फाट्यावर बाण हवा, आणि पर्यायी रस्त्यावर कमी उंचीचा पूल किंवा कमकुवत मोरी असेल तर ते ट्रकवाल्याला मूळ रस्ता सोडायच्या आधी कळायला हवं. आत शिरल्यावर त्याला मागे वळताही येत नाही.

(हातात कोन)

हा कोन बघा. रात्रीच्या आणि वेगाच्या रस्त्यावर तो किमान ७० सेंटीमीटर उंच हवा, आणि त्यावर पांढरे चमकते पट्टे दोन: वरचा १५ सेंटीमीटर रुंद, खालचा १०. या पट्ट्याचं काम हेडलाइटचा प्रकाश परत ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे पाठवणं. आता मी याचा अर्धा पट्टा ओल्या फडक्याने पुसतो, दिवे घालवतो आणि कॅमेऱ्याशेजारी टॉर्च धरतो. पुसलेला अर्धा भाग पांढरा उजळला, उरलेला मातकट दिसतोय. खोदकामाशेजारी दोन-चार दिवसांत ही अवस्था होते. कोन पडू नये म्हणून वजन द्यायचं ते तळाला, रबरी कडी किंवा वाळूची पिशवी. दगड ठेवू नका. गाडीची धडक बसली की कोन दबतो, पण दगड उडतो.

आता जबाबदारी कोणापर्यंत पोचते ते बघू. १९५६ साली लंडनमध्ये वीज मंडळाच्या लोकांनी पदपथावर चर खणला होता. अडसर म्हणून त्यांनी माती ठोकायच्या हातोड्याचा लांब दांडा आडवा लावला, एक टोक कुंपणावर दोनेक फूट उंच आणि दुसरं जमिनीवर. डोळस माणसाला एवढं पुरेसं होतं. एक अंध गृहस्थ पांढरी काठी घेऊन कामाला निघाले होते. काठी नेहमीसारखी पुढे फिरवत होते, पण तिरप्या दांड्याला ती लागलीच नाही. पाय अडकला, ते पडले आणि त्यांची श्रवणशक्ती गेली. खालच्या न्यायालयांनी त्यांचा दावा फेटाळला. १९६४मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल फिरवला. अंध माणसं शहरात एकटी फिरतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे खणणाऱ्यानेही ते धरून चालायला हवं, आणि हलकं, सलग कुंपण लावणं काही अवघड नव्हतं, असा त्यांचा विचार होता.

हा निकाल इंग्लंडचा, पण त्यातला विचार कुठल्याही साइटवर लागू पडतो. सूचना कोणाला द्यायची? जो रस्ता वापरणार हे आधी कळू शकतं, त्या प्रत्येकाला. अंध, म्हातारी, बाबागाडी ढकलणारी बाई, रात्री दोनला येणारा ट्रक. नुसती प्लास्टिकची पट्टी बांधली तर काठीला ती कळत नाही. पायापाशी सलग आडवी फळी हवी.

मग ठेकेदाराने नेमकं करायचं काय? मांडणी झाली की अंधार पडल्यावर स्वतः गाडीत बसून, डिपवर, दोन्ही लेनमधून एकेकदा जायचं. पहिला फलक कुठून वाचता आला ते बघायचं. झाडाच्या फांदीमागे गेलेला फलक असाच सापडतो, दिवसाच्या फोटोत सापडत नाही. सकाळी टेपरचं तोंड बघायचं. पहिले दोन-तीन कोन रोज आडवे पडत असतील किंवा तिथे डांबरावर टायर घासल्याचे काळे पट्टे असतील, तर लोकांना उशिरा कळतंय. नुसते कोन उभे करून निघून जायचं नाही, फलक चरापासून आणखी लांब न्यायचा. आणि कोणत्या वेळी काय तपासलं, काय हलवलं, हे वहीत लिहायचं. अपघातानंतर ‘आम्ही लावलं होतं’ हे सगळेच म्हणतात. पहाटे चारला ते उभं होतं की नाही, हे ती वही सांगते.

काम संपल्यावर मांडणी उलट्या क्रमाने काढायची. आधी चराकडचे कोन, मग टेपर, आणि सगळ्यात शेवटी ४५० मीटरवरचा पहिला फलक, कारण टेपर उचलणारी माणसं अजून रस्त्यावरच असतात.