झुंबराचा स्टॉप आणि टक्क्यांचा स्टॉप

श्रोतेहो, नमस्कार.

शेअर बाजारात कलाच्या दिशेने व्यवहार करणाऱ्यांची कमाई फार थोड्या व्यवहारांतून होते. दहा शेअर घेतले, तर त्यांतले सहा-सात किरकोळ तोट्यात विकावे लागतात आणि उरलेल्या तीन-चार शेअरांनी तो सगळा तोटा भरून काढून वर नफा द्यायचा असतो. त्यामुळे या पद्धतीत खरेदी केव्हा केली याहून चढता शेअर केव्हा विकला याला जास्त महत्त्व येते. भाव ज्या पातळीपर्यंत घसरला की शेअर विकायचा, ती पातळी म्हणजे स्टॉप. भाव चढत जाईल तसा हा विक्रीचा स्टॉपही मागोमाग वर सरकवत न्यायचा, त्याला ट्रेलिंग स्टॉप म्हणतात. हा स्टॉप भावापासून किती अंतरावर ठेवायचा, एवढ्याच प्रश्नाविषयी आज मी बोलणार आहे.

सर्वांत सोपे उत्तर टक्क्यांचे आहे. शेअरने गाठलेल्या उच्चांकापासून आठ टक्के खाली स्टॉप ठेवायचा आणि उच्चांक वाढला की तोही वर घ्यायचा. दुसरे उत्तर अमेरिकन ट्रेडर चक लबो यांच्या नावाशी जोडले गेले आहे. छताला झुंबर टांगावे तसा हा स्टॉप उच्चांकाला टांगलेला असतो, म्हणून त्याला शँडेलिअर एक्झिट हे नाव पडले. या झुंबराच्या साखळीची लांबी टक्क्यांत मोजत नाहीत, ती त्या शेअरच्या रोजच्या हालचालीवरून ठरते. रूढ मोजमाप असे आहे की, गेल्या २२ दिवसांतला उच्चांक घ्यायचा आणि त्यातून २२ दिवसांच्या एटीआरची तिप्पट वजा करायची. बावीस हा आकडा महिन्याभरातल्या कामकाजाच्या दिवसांवरून आलेला आहे.

एटीआर म्हणजे शेअरच्या एका दिवसाच्या हालचालीची सरासरी. वेल्स वाइल्डर यांनी हे मोजमाप १९७८ मध्ये मांडले. दिवसाचा उच्चांक आणि नीचांक यांतला फरक तर ते धरतेच, पण कालचा बंद भाव आजच्या पट्ट्याबाहेर राहिला असेल, तर मधली उडीही हालचालीत मोजते. एखादा शेअर काल ५०० वर बंद झाला आणि आज ५१५ वर उघडून ५१५ ते ५२० च्या दरम्यान फिरला, तर त्याची आजची हालचाल पाच रुपयांची नसून वीस रुपयांची धरली जाते. रात्रभर शेअर हातात ठेवणाऱ्याने ती उडी खरोखर सोसलेली असते, म्हणून हे मोजणे मला रास्त वाटते.

आता दोन शेअर डोळ्यांसमोर आणा. दोघांचाही भाव १,००० रुपये आहे. पहिला संथ आहे, दिवसाला सरासरी १५ रुपये हलतो. दुसरा चपळ आहे, दिवसाला ४० रुपये हलतो. दोघांनाही आठ टक्क्यांचा, म्हणजे ८० रुपयांचा स्टॉप लावला, तर चपळ शेअरला ते अंतर अवघ्या दोन दिवसांच्या नेहमीच्या हालचालीइतके पडते. कल अगदी ठणठणीत असतानाही तो शेअर मधूनमधून तेवढा खाली येणारच, आणि आपण बाहेर फेकले जाणार. संथ शेअरला मात्र तेच ८० रुपये पाच दिवसांहून अधिक हालचालीइतके होतात. त्याचा कल मोडून बरेच दिवस झाले तरी आपण बसून राहतो आणि कमावलेला नफा विनाकारण परत करतो. झुंबराचा स्टॉप पहिल्याला ४५ रुपयांचे आणि दुसऱ्याला १२० रुपयांचे अंतर देतो. टक्क्यांचा स्टॉप लावताना आपण किती घसरण सोसू शकतो हे पाहतो, तर झुंबराचा स्टॉप लावताना या शेअरला कल न मोडता किती हलण्याची सवय आहे हे पाहतो. चढता शेअर चढू द्यायचा असेल, तर हा दुसरा विचार आधी करावा, असे माझे मत आहे.

एकाच शेअरच्या प्रवासातही हा फरक पडतो. समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. शेअर ५०० ला घेतला, थोड्याच दिवसांत त्याने ५१० चा उच्चांक केला आणि त्याचा एटीआर १४ आहे. तिप्पट ४२ वजा केले की झुंबराचा स्टॉप ४६८ वर येतो. आठ टक्क्यांचा स्टॉप ४६९ वर येतो. सुरुवातीला दोघांत रुपयाचाच फरक आहे. काही महिन्यांनी शेअर ८०० ला पोचतो. चढताना त्याची हालचालही रुंदावलेली असते. आता एटीआर ३० आहे. झुंबराचा स्टॉप ७१० वर आणि टक्क्यांचा ७३६ वर आहे. मग एक साधी विश्रांतीची घसरण येते. शेअर ७३१ वर बंद होतो, टक्केवारीवाला दुसऱ्या दिवशी सकाळी ७३० ला विकून मोकळा होतो. शेअर ७१८ पर्यंत जाऊन परत फिरतो आणि संथपणे १,००० गाठतो. या संथ चढात एटीआर २२ वर उतरतो, त्यामुळे झुंबराचा स्टॉप ९३४ वर येतो, तर टक्क्यांचा, कोणी तो धरून राहिला असता तर, ९२० वर असता. म्हणजे जिथे मोकळीक हवी होती तिथे झुंबर सैल होते, आणि शेअर शांत झाल्यावर ते टक्केवारीपेक्षाही जवळ आले. शेवटी ९३० ला विक्री झाली, तर एका शेअरमागे ४३० रुपये हाती आले. टक्केवारीवाल्याला २३० मिळाले होते. मात्र हेही लक्षात घ्या की शेअर ७३१ वरून परत न फिरता घसरतच गेला असता, तर झुंबरवाल्याची विक्री ७१० च्याही खाली झाली असती. जास्त मोकळीक देण्याची ही किंमत आहे आणि ती अनेकदा मोजावी लागते.

या उदाहरणातल्या घसरणीत एक बारकावा दडलेला आहे. भाव ८०० वरून ७१८ वर येताना रोजची हालचाल मोठी होते, म्हणून एटीआरही वाढतो. समजा तो ३४ झाला. सूत्र तसेच चालवले तर स्टॉप ८०० वजा १०२, म्हणजे ६९८ वर उतरतो. भाव पडतो आहे आणि त्याच्याबरोबर स्टॉपही खाली सरकतो आहे, असा हा प्रकार होतो. शिवाय शेअर महिनाभर एकाच पट्ट्यात रेंगाळला, तर जुना उच्चांक २२ दिवसांच्या खिडकीतून बाहेर पडतो आणि त्यामुळेही स्टॉप खाली येतो. यावर उपाय म्हणून मी एक नियम पाळतो. आज काढलेला आकडा कालच्या स्टॉपपेक्षा वर असेल तरच तो स्वीकारायचा, नाहीतर कालचाच स्टॉप कायम ठेवायचा. चार्ट दाखवणाऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये हा नियम घातलेला असतो, काहींत नसतो. आपल्या पडद्यावरची रेघ घसरणीत कधी खाली वळली आहे का, हे जुन्या चार्टवर पाहिले की ते लगेच कळते.

झुंबराच्या स्टॉपबरोबर शेअरची संख्याही ठरवावी लागते, आणि हे अनेकांच्या हातून राहून जाते. प्रत्येक शेअरमध्ये सारखेच पैसे घालून साखळीची लांबी मात्र वेगवेगळी ठेवली, तर चपळ शेअरमधला तोटा दरवेळी मोठा पडतो. एका व्यवहारात १०,००० रुपयांचा तोटा सोसायचा असे ठरवले असेल, तर त्याला खरेदीभाव आणि स्टॉप यांतल्या अंतराने भागावे. आपल्या संथ शेअरला ४५ रुपयांच्या अंतराने २२२ शेअर येतात, तर चपळ शेअरला १२० रुपयांच्या अंतराने फक्त ८३.

दुसरी सावधगिरी बोनस आणि विभाजनाची. ८०० रुपयांच्या शेअरला एकास एक बोनस मिळाला की भाव ४०० होतो. आकडे त्यानुसार दुरुस्त केलेले नसतील, तर दोन्ही स्टॉप त्या दिवशी विक्रीचा खोटा इशारा देतात, आणि तो इतका ढळढळीत असतो की कोणीही ओळखतो. मी एकदा असाच इशारा ओळखून उच्चांक हाताने निम्मा केला, पण एटीआर तसाच राहू दिला. सूत्राने ४०० रुपयांची ती उडी खरी हालचाल म्हणून धरली होती. जो एटीआर १५ असायला हवा होता, तो ४७ झाला आणि महिन्यानंतरही २६ च्या आसपास रेंगाळत होता. माझा स्टॉप कित्येक आठवडे हवा त्यापेक्षा फार खाली लटकत राहिला. त्यानंतर एटीआर एका दिवसात दीडपट झालेला दिसला की मी आधी कंपनीची घोषणा पाहतो.

आता एका अशा दिवसाविषयी सांगतो, ज्या दिवशी टक्क्यांच्या स्टॉपची सरशी झाली. ३ जून २०२४ ला निफ्टीने २३,३३८ चा उच्चांक केला. दुसऱ्या दिवशी लोकसभेचे निकाल लागले. निफ्टी दिवसात २१,२८१ पर्यंत कोसळून २१,८८४ वर बंद झाला. निफ्टीचा त्या वेळचा एटीआर काही शे अंकांचा होता, त्यामुळे झुंबराचा स्टॉप बंद भावाच्या पुष्कळ वर होता आणि त्याने विक्रीचा इशारा दिला. आठ टक्क्यांचा स्टॉप २१,४७१ वर होता. तो दिवसाच्या नीचांकाने तुटला, पण बंद भावाने तुटला नाही. ज्याची ऑर्डर आधीच बाजारात लावलेली होती तो दुपारीच बाहेर पडला, आणि जो केवळ बंद भाव पाहून निर्णय घेतो तो टिकला. त्यानंतर तिसऱ्याच सत्रात, ७ जूनला, निफ्टी २३,२९० वर बंद झाला. निफ्टीसारख्या संथ निर्देशांकाला आठ टक्के हे फारच सैल अंतर आहे, एरवी ते नफा गमावते; त्या एका दिवशी मात्र तेच सैलपण उपयोगी पडले.

अशा दिवशी झुंबराची साखळी तिपटीऐवजी पाचपट करावी, असा मोह होतो. मी ती केली नाही, कारण एका निकालाच्या दिवसासाठी साखळी वाढवली तर पुढच्या प्रत्येक साध्या घसरणीत अधिक नफा परत द्यावा लागतो. त्याऐवजी परत खरेदीचा नियम आधीच लिहून ठेवलेला असावा. माझा नियम असा आहे की, स्टॉप तुटून बाहेर पडल्यावर भावाने जुना उच्चांक पुन्हा ओलांडून बंद दिला, तर खरेदीभाव आधीच्या विक्रीपेक्षा महाग पडला तरी परत आत जायचे, आणि नवे झुंबर नव्या उच्चांकाला टांगायचे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निफ्टीने ३ जूनचा उच्चांक ओलांडला, तेव्हा मी विकलेल्या भावापेक्षा बराच जास्त भाव देऊन परत खरेदी केली. सप्टेंबरच्या अखेरीस निफ्टी २६,२७७ पर्यंत गेला.

नमस्कार.