छपाई सुरू झाल्यावर पेट्या वाढवायच्या आहेत? आधी हा एक प्रश्न विचारा

नमस्कार मंडळी. दहा हजार पेट्यांची ऑर्डर दिली, अंबडमधल्या बॉक्सवाल्याने काम सुरू केलं, आणि तेवढ्यात एक्स्पोर्टरचा फोन आला की अजून एक कंटेनर भरायचाय. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव भागातल्या पॅकहाऊसमध्ये फेब्रुवारी-मार्चला हे नेहमीचंच. मग आपण काय करतो? बॉक्सवाल्याला फोन लावतो आणि म्हणतो, "भाऊ, दहाचे तेरा हजार करा."

तो म्हणतो, "करू की." आणि पुढचा सगळा घोळ या दोन वाक्यांतून सुरू होतो.

आज मी फक्त द्राक्षाच्या पाच किलोच्या छापील पेटीबद्दल बोलणार आहे. पाच प्लायची, वरचा कागद रंगीत छापलेला, डायवर पंच केलेली. तुमचा माल दुसरा असेल तर टप्पे बदलतील.

ही पेटी बनते कशी, ते पटकन बघू. सगळ्यात आधी वरचा कागद, त्याला सगळे 'टॉप' म्हणतात, तो ऑफसेट मशीनवर छापला जातो. बऱ्याचदा हे काम बॉक्सवाला स्वतः करत नाही, बाहेरच्या प्रेसकडून करून घेतो. छापल्यावर त्यावर वार्निश किंवा लॅमिनेशन चढतं, कारण पेटी कोल्ड स्टोरेजमध्ये जाणार असते. दुसरीकडे क्राफ्ट कागदाच्या रोलपासून नळीदार फ्लूट तयार होतो. मग टॉप आणि फ्लूट गमाने चिकटवतात, ते पेस्टिंग. ते वाळलं की डाय पंचिंग, आणि मग गठ्ठे बांधून गाडीत.

यातला महागडा क्षण कुठला? ऑफसेट मशीनवर प्लेटा चढवायच्या, रंग जुळवायचे, आणि रंग बसेपर्यंत शंभर-दोनशे शीट वाया घालवायच्या, तो. एकदा मशीन लागलं की दहा हजारांनंतरची पुढची तीन हजार शीट म्हणजे जवळपास फक्त कागद आणि शाई. पण प्लेटा उतरवून मशीनवर दुसऱ्याचा जॉब चढला, की त्याच तीन हजारांसाठी सगळी मांडणी पहिल्यापासून.

म्हणून "वाढवून द्याल का?" हा प्रश्न विचारूच नका. प्रश्न असा: "टॉप छापून झाले का? आणि किती छापले?"

दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. दहा हजारांच्या ऑर्डरला प्रेसवाला कधीच मोजून दहा हजार शीट छापत नाही. पेस्टिंगमध्ये काही फाटतात, पंचिंगला काही तिरक्या जातात, म्हणून समजा दहा हजार तीनशे छापतो. त्यातल्या काही शीट शेवटपर्यंत टिकतात. तुम्हाला शंभर-दीडशेच पेट्या जास्त हव्या असतील, तर त्या कदाचित आत्ताच कारखान्यात पडून आहेत. पीओवर 'प्लस-मायनस पाच टक्के' असं लिहिलं असेल, तर तेवढ्या वाढीला फक्त कळवलं तरी पुरतं.

हो, आणि हा प्रश्न मालकाला विचारा. फ्लोअरवरचा सुपरवायझर "होऊन जाईल साहेब" म्हणतो ते मनापासून म्हणतो, पण त्याला दर माहीत नसतो आणि कागदाचा स्टॉकही त्याच्या हातात नसतो. उत्तर मालकाचं धरायचं.

आता हिशोब करून बघू. आकडे समजायला घेतलेत, तुमच्या बॉक्सवाल्याचे वेगळे असतील. मूळ ऑर्डर १०,००० पेट्या, दर ४२ रुपये. हव्यात आणखी ३,०००.

पहिली शक्यता, टॉप अजून मशीनवर आहेत. लगेच फोन करा, मेल लिहीत बसू नका. प्लेटा उतरायच्या आत निर्णय व्हायला हवा, आणि त्यासाठी हातात काही तासच असतात. इथे ४२ चाच दर मागायचा, तो रास्त आहे. बॉक्सवाला फक्त एकच अडचण सांगू शकतो, टॉपचा कागद तेवढा आणलेला नाही. तसं असेल तर कागद आहे तितके टॉप आत्ताच छापून घ्या म्हणावं, मग ते पंधराशे का असेनात.

दुसरी शक्यता, टॉप छापून झालेत आणि पेस्टिंग चालू आहे. इथे मशीन पुन्हा लावण्याचा खर्च येतो. समजा तो ६,००० रुपये आहे. तीन हजार पेट्यांवर वाटला तर पेटीमागे दोन रुपये, म्हणजे वाढीव मालाचा दर ४४. हा वाढीव दर फक्त तीन हजारांना लागतो, तेरा हजारांना नाही. हे बोलण्यातच स्पष्ट करून घ्या, नाहीतर बिलावर १३,००० गुणिले ४४ येतं आणि वीस हजार रुपयांचा वाद उभा राहतो. आता हाच खर्च एक हजार पेट्यांवर वाटून बघा. पेटीमागे सहा रुपये! म्हणून अगदी थोडी वाढ हवी असेल तर या टप्प्यावर ती परवडते का, हे आधी बघायचं. उलट स्वस्त पडतात म्हणून पाच हजार घेऊन ठेवणं हेही शहाणपण नाही. पावसाळ्यात गोदामात पेटी ओल धरते, आणि पुढच्या हंगामात एक्स्पोर्टरने छपाईतला मजकूर बदलला की रद्दी.

तिसरी शक्यता, पंचिंग झालंय, पहिली गाडी निघायला आलीये. आता ही वाढ राहिली नाही, नवीन ऑर्डरच झाली. जुन्या प्लेटा आणि डाय तयार आहेत, त्यांचे पैसे पुन्हा देऊ नका, एवढंच भांडता येतं. या वेळी मी दुसरा मार्ग सुचवीन. पॅकहाऊसमधला काही माल देशातल्या बाजारात जाणार असतोच. त्याला साध्या तपकिरी, एकरंगी छपाईच्या पेट्या घ्या. त्या फ्लेक्सो छपाईवर लवकर निघतात. आणि छापील दहा हजार सगळ्या एक्स्पोर्टकडे वळवा. कधीकधी वाढ मागायची गरजच उरत नाही.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट. "दहाचे तेरा करा" म्हटलं की बॉक्सवाल्याच्या डोक्यात तो एकच तेरा हजारांचा जॉब होतो. तो विचार करतो, सगळं एकदमच देऊ, एकच गाडी, एकच बिल. तयार झालेल्या पेट्या तिथेच थांबतात. इकडे मजूर आलेत, माल तोडलाय, प्री-कूलिंगला जागा नाही, आणि पेट्या नाहीत. दहा हजारांची तारीख हलते, आणि गंमत म्हणजे ती तुमच्याच शब्दामुळे हलते. म्हणून वाढ मागताना मूळ ऑर्डरला हात लावायचा नाही. वाढ वेगळी ओळ, वेगळा दर, वेगळी तारीख.

फोनवर बोलणं झालं की तिथल्या तिथे हा मेसेज टाका. स्क्रीनवर देतोय, थांबवून लिहून घ्या.

"भाऊ, आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे: आपल्या पीओमधील मूळ १०,००० पेट्या ठरलेल्या दराने, ठरलेल्या तारखेलाच येतील. त्या वाढीव मालासाठी थांबवू नयेत. त्याच पीओत नवीन ओळ: आणखी ३,००० पेट्या, तेच डिझाइन, तोच कागद, दर ४४ रुपये, मशीन लावण्याचा खर्च धरून. पोहोच तारीख अमुक. वेगळं चलन आणि वेगळं बिल. मान्य असल्यास कळवा, सुधारित पीओ आजच पाठवतो."

'मान्य असल्यास' हे शब्द सभ्यतेपुरते नाहीत. भारतीय करार कायदा १८७२, कलम ६२, यात करार बदलायचा तर दोन्ही बाजूंचं एकमत लागतं. म्हणजे तुम्ही सुधारित पीओ मेलवर ढकलला म्हणून बॉक्सवाला तीन हजारांना बांधला जात नाही. त्याचा होकार येईपर्यंत तुमच्याकडे दहा हजारच आहेत असं धरून चला, आणि एक्स्पोर्टरला शब्दही तेवढ्याचाच द्या.

उलट बाजूही आहे. मालविक्री कायदा १९३०, कलम ३७. ठरल्यापेक्षा जास्त माल आला तर घेणारा ठरलेला तेवढा ठेवून बाकी परत करू शकतो, अगदी सगळाच नाकारू शकतो. ठेवला तर ठरलेल्या दराने पैसे द्यावे लागतात. तुमचा बॉक्सवाला हे कलम वाचत नसेल, पण त्याचा अर्थ त्याला अनुभवाने माहीत असतो. फोनवर वाढ सांगून नंतर फिरलेली माणसं त्याने पाहिलेली असतात. म्हणून लेखी मिळेपर्यंत तो कागद आणत नाही, आणि आपल्याला वाटतं टाळतोय. वाढीव मालापुरता थोडा अ‍ॅडव्हान्स टाकला तर काम हलतं. हंगामात त्याच्याही दारात रांग असते, हे विसरू नका.

तुमच्याच ऑफिसात एक काम राहतं. सुधारित पीओ स्टोअरला आणि अकाउंट्सला द्या. नाहीतर गेटवरचा माणूस जुना पीओ बघून तीन हजारांची गाडी उभी ठेवतो. त्याची चूक नाही, त्याच्या कागदावर दहाच हजार आहेत.

आता वाढीव माल आल्यावर काय बघायचं. दोन गोष्टी बिघडतात. पहिली, रंग. वेगळ्या दिवशी छापलेला हिरवा थोडा वेगळा येतोच. पहिल्या लॉटमधली एक मंजूर पेटी बॉक्सवाल्याकडे सही करून ठेवा, प्रेसवाला तिच्याशी जुळवेल. आणि एकाच पॅलेटवर दोन्ही लॉट मिसळू नका.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. घाईत पहिल्यासारखा क्राफ्ट कागद मिळाला नाही तर हलका लागतो, किंवा पेस्टिंगनंतर बोर्ड नीट वाळू देत नाहीत. ओला बोर्ड पंच होतो, गाडीतही चढतो, आणि कोल्ड स्टोरेजमध्ये थर लावला की खालची पेटी बसते. द्राक्षं दबतात. गाडी आली की जुन्या दहा आणि नव्या दहा रिकाम्या पेट्या काट्यावर ठेवा. नवीन लॉट ठळक हलका असेल तर कागद बदललाय. जड असेल तर ओल आहे असा संशय घ्या. मग एका पेटीची कड अंगठा आणि बोटात धरून दाबा. चांगल्या बोर्डात फ्लूट टणक लागतो, ओल्यात तो पुठ्ठ्यासारखा मऊ दबतो आणि परत वर येत नाही.

ओल असेल तर पेट्या सावलीत, हवेशीर जागी, गठ्ठे सोडून पसरा, आणि वाळल्यावर पुन्हा वजन करा. कागदच हलका असेल तर त्या पेट्या एक्स्पोर्टला लावू नका. पावतीवर तिथेच 'कागद नमुन्याप्रमाणे नाही' असं लिहून ड्रायव्हरची सही घ्या, आणि बॉक्सवाल्याला फोटो टाका, काट्यावरचा आकडा दिसेल असा.