निरोपाच्या व्हिडिओतल्या ओळी: निरोप द्यायचाय, श्रद्धांजली नाही!

नमस्कार मंडळी! ऑफिसमधलं कुणी नोकरी सोडतंय, कुणाची बदली झाली, कुणी निवृत्त होतंय, की फोटोंचा व्हिडिओ करायचं काम कुणातरी एकाच्या गळ्यात पडतं. आणि मग आमच्याकडे प्रश्न येतो, "फोटोंवर टाकायला छान ओळी सुचवा." छान ओळी नंतर बघू. त्याआधी जी गोष्ट दहातल्या सात व्हिडिओंत बिघडलेली दिसते, ती सांगतो.

मोजमाप पटकन उरकू. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे 180 सेकंद. प्रत्येक फोटो पाच सेकंद, आणि दोन फोटो एकमेकांत विरघळतात त्याला अर्धा सेकंद. म्हणजे एका फोटोमागे साडेचार सेकंद खर्च होतात आणि चाळीस फोटो बसतात. ओळी चाळीस नकोत, चौदा-पंधरा पुष्कळ झाल्या. एका ओळीत चार ते सात शब्द. माणूस आधी चेहरा बघतो, मग वाचतो, म्हणून फोटो आल्यावर अर्ध्या सेकंदाने ओळ येऊ द्या. आणि फोटो चार सेकंदांचा ठेवून दोन्ही बाजूंना एकेक सेकंदाचं विरघळणं लावलंत, तर तो स्वच्छ दिसतो फक्त दोन सेकंद. "ओळ वाचून होत नाही" अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हे तपासा. झालं मोजमाप.

आता मूळ दुखणं. ही ओळ बघा.

[स्क्रीनवर: "मॅडम सगळ्यांना मदत करायच्या."]

मॅडम समोर पहिल्या रांगेत बसल्यात, हातात पुष्पगुच्छ आहे, आणि पडद्यावर "करायच्या". अहो, अजून करतात! सोमवारपासून दुसऱ्या ऑफिसात करतील. मराठीत "करायच्या", "असायच्या", "होत्या" ही रूपं माणसाच्या स्वभावाला लावली की माणूसच गेल्यासारखं वाटतं. "त्या फार प्रेमळ होत्या." संपलं! सभागृहात कुणीतरी हळूच डोळे पुसतं आणि ते चुकीच्या कारणासाठी असतं.

इथे कमेंटमध्ये हमखास विचारतात, "मग भूतकाळ वापरायचाच नाही का?" वापरा की. एकदाच घडलेली घटना भूतकाळात बिनधास्त चालते. "पहिल्याच दिवशी चुकून साहेबांच्या खुर्चीत बसल्या." ही ओळ उत्तम आहे, कारण बसणं घडून गेलं. घटना भूतकाळात, स्वभाव वर्तमानात, एवढंच लक्षात ठेवा. "शांत होत्या" नाही, "शांत आहेत". "शेवटच्या तारखेला फाईल द्यायच्या" नाही, "फाईल देणार शेवटच्याच तारखेला". हे "णार" फार कामाचं आहे. त्यात सवय येते, थट्टा येते आणि माणूस जिवंत राहतो.

त्याहून सोपा उपाय म्हणजे क्रियापदच गाळा. मराठीत ओळ त्यावाचून आरामात उभी राहते, वर दोन शब्द वाचतात.

हेच दुखणं दुसऱ्या बाजूने बघा. काळ बरोबर आहे, पण शब्द कुठले? "स्मृती", "पोकळी", "सदैव आमच्या हृदयात", "आपली उणीव भासत राहील". हे सगळे शब्द शोकसभेच्या फलकावरून उचललेले आहेत. "आठवण येईल" चालतं, "आठवणी चिरंतन राहतील" चालत नाही. ओळ लिहिलीत की ती वर्तमानपत्रातल्या छोट्या चौकटीत, हार घातलेल्या फोटोखाली कल्पून बघा. तिथे शोभली तर खोडा.

आणि तिसरी बाजू, ज्यात ओळी लिहिणाऱ्याचा दोषच नसतो. व्हिडिओ जोडणारा शेवटचा फोटो कृष्णधवल करतो, हळूहळू काळ्यात विरवतो आणि नावाखाली लिहितो "2013 – 2024". नाव, खाली दोन सालं, मधे आडवी रेघ! माणूस अकरा वर्षांनी नोकरी सोडतोय हो. "अकरा वर्षं" असं लिहा. आडवी रेघ टाळा, शेवटचा फोटो रंगीत ठेवा.

आता एक उदाहरण पूर्ण करू. समजा, हिशेब विभागातल्या मॅडम अकरा वर्षांनी जातायत आणि तीन फोटो आहेत.

पहिल्यात त्या फायलींच्या दोन ढिगांमध्ये बसल्यात. कच्ची ओळ: "मॅडम नेहमी कामात मग्न असायच्या." "असायच्या" आहेच, शिवाय मग्न आहेत ते फोटोत दिसतंय. दिसतं ते लिहू नका, फोटोत नसलेलं लिहा. पक्की ओळ: "डावीकडे तातडीच्या. उजवीकडे अतितातडीच्या."

दुसरा ग्रुप फोटो, मॅडम अगदी कडेला. कच्ची ओळ: "आमच्यातला आनंदाचा झरा." ही कुणालाही लागू पडते, मागच्या वर्षी गेलेल्या सरांनासुद्धा. पक्की ओळ: "सगळ्यांना जमवून स्वतः कडेला."

तिसऱ्यात त्या प्रिंटरचं झाकण उघडून आत बघतायत. "प्रिंटर फक्त यांचंच ऐकतो." वर्तमानकाळ, चार शब्द. हीच ओळ शेवटी वसूल करता येते. अखेरच्या फोटोवर लिहा, "सोमवारपासून तो कोणाचं ऐकणार?" यात निरोप आहे, उणीवही आहे, पण "उणीव" हा शब्द कुठेही नाही.

थट्टेची एक मर्यादा: सभागृहात घरची माणसंही असतात. उशिरा येणं, साहेबांशी झालेली भांडणं, पगार, वजन हे विषय ओळीत नकोत.

ओळी तयार झाल्या की त्या पडद्यावर नेताना देवनागरी फसवते. एकेक अक्षर टाइप होतंय असा परिणाम आपल्या लिपीला लावू नका. "कि" मध्ये आधी "क" उमटतो, मग वेलांटी मागून उडी मारून पुढे येते. "त्या" मध्ये आधी पाय मोडलेला "त्" दिसतो. पूर्ण ओळ एकदम उमटू द्या. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा, वाढवलंत की शिरोरेषा तुटते. ओळ दोन भागांत असेल तर मधली जागा थोडी वाढवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. ऑफिसच्या जुन्या फाईलमधून चिकटवलेला मजकूर इंग्रजी अक्षरांचा गिचमिड दिसला, तर तो युनिकोड नाही. दुरुस्त करत बसू नका, युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी असा ठसठशीत फाँट घ्या आणि पांढऱ्या अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी द्या. जाड काळी किनार नको, तिने "ध" आणि "थ" ची पोटं बुजतात.

शेवटची चाचणी. व्हिडिओचा आवाज बंद करा आणि ऑफिसशी संबंध नसलेल्या कुणालातरी दाखवा. मग एकच प्रश्न विचारा, "या बाई कुठे गेल्या?" "दुसरी नोकरी लागली वाटतं" असं उत्तर आलं तर फाईल सेव्ह करून पाठवा. समोरच्याने आवाज खाली आणून "कधी झालं हे?" विचारलं, तर "होत्या" शोधायला लागा.