माजघरातले दोन चेहरे

(दृश्य : मालवण तालुक्यातलं एक घर. अर्ध्या उंचीपर्यंत पोपटी ऑइलपेंट मारलेलं माजघर. डावीकडे एकच खिडकी, खिडकीबाहेर नारळी-पोफळीची वाडी. वर ट्यूबलाइट चालू.)

या खोलीत आज एक मुलाखत व्हायची आहे. विषय रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरण्याचा. बोलणार आहेत दादा आणि वहिनी. दादांची चाळीस वर्षं किनाऱ्यावर, उन्हात गेली. मूळचा सावळा रंग आता तांब्याच्या जुन्या हंड्यासारखा गडद झालाय. वहिनी घरची खानावळ चालवतात. त्या उजळ गव्हाळ. दोघं एकाच बाकड्यावर, एकाच फ्रेममध्ये बसणार. दोघांच्याही त्वचेचा रंग एकाच वेळी खरा कसा टिपायचा, तेच पाहू.

कॅमेरा ऑटोवर ठेवून घेतलेला हा पहिला शॉट.

(दृश्य : पहिला शॉट. स्थिर.)

वहिनींचा चेहरा फिकट, किंचित हिरवट. आजारातून उठल्यासारखा. दादांच्या चेहऱ्यात डोळे आणि दात सोडून फारसं काही दिसत नाही. कपाळावर मात्र ट्यूबलाइटची एक पांढरी पट्टी चमकतेय. दादांनी मॉनिटरकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी असोच दिसतंय, तुम्ही कशाक त्रास करून घेतास?"

दादा असे दिसत नाहीत. ते बाहेर अंगणात उभे असताना आम्ही त्यांना पाहिलंय.

अशा वेळी पहिला हात जातो उजेड वाढवण्याकडे. अ‍ॅपर्चर उघडायचं, आयएसओ चढवायचा, दादांचा चेहरा उजळ होईपर्यंत. करून पाहू.

(दृश्य : एक्स्पोजर वाढतं. वहिनींच्या कपाळावरचा तपशील पांढऱ्यात विरघळतो.)

दादा उजळले, पण ते दादा राहिले नाहीत; राखाडी, धुतल्यासारखे दिसू लागले. आणि वहिनींचं कपाळ जळालं. या चुकीमागे एक जुनी सवय आहे. व्हिडिओ कॅमेऱ्यांतला झेब्रा, म्हणजे ठरावीक उजळपणावर पडद्यावर पट्टे दाखवणारी सोय, वर्षानुवर्षं 70 टक्क्यांवर लावायला शिकवलं गेलं : चेहऱ्याच्या उजळ भागावर पट्टे दिसले की एक्स्पोजर बरोबर. तो आकडा गोऱ्या युरोपीय त्वचेचा आहे. फिल्मच्या काळातही हेच होतं. 1950च्या दशकापासून कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक छापील फोटो पाठवत असे, 'शर्ली कार्ड' म्हणून. त्यावर एक गोरी बाई. तिची त्वचा नीट आली की मशीन नीट. काळ्या लोकांच्या तक्रारी बराच काळ तशाच पडून राहिल्या. फिल्मने गडद तपकिरी छटा नीट टिपाव्यात म्हणून नेट लावला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी. त्यांच्या मालाच्या जाहिराती बिघडत होत्या ना!

आपण खोलीत परत येऊ.

(दृश्य : ट्यूबलाइट बंद होते.)

पहिलं काम, ट्यूब बंद. केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप; तिचा उजेड 6500 केल्व्हिनच्या आसपासचा, निळसर, आणि त्यात हिरव्याची भर. खिडकीतून येणारा उजेड वेगळ्या रंगाचा. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल एका रंगाचा, दुसरा दुसऱ्या. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या उजेडाला पांढरं मानायचं ते, एकच लावता येतो. तो दोन गालांसाठी दोन कुठून आणणार?

आता फक्त खिडकी. पण ही कोकणातली खिडकी आहे. बाहेर आभाळ कमी, झावळ्याच जास्त. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो, आणि समोरच्या पोपटी भिंतीवर आपटून तो आणखी हिरवा होऊन परत येतो. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही. पाच मिनिटांत डोळा सरावतो आणि भिंतीपुढचं माणूस माणसाच्याच रंगाचं दिसायला लागतं. कॅमेऱ्याला डोळ्यासारखं सरावता येत नाही.

आता दादांच्या चेहऱ्यावर हा हिरवेपणा जास्त दिसतोय. तो का, ते जवळून पाहण्यासारखं आहे.

(दृश्य : दादांच्या गालाचा क्लोजअप. गालाच्या हाडावर खिडकीच्या आकाराची चकाकी.)

त्वचेवरून उजेड दोन तऱ्हांनी परत येतो. काही उजेड कातडीच्या आत शिरतो, तिथलं मेलॅनिन आणि रक्त यांचा रंग घेऊन बाहेर पडतो. काही उजेड वरच्या वरच, तेलकट ओल्या पृष्ठभागावरून उसळतो. ही झाली चकाकी. आत शिरलेल्या उजेडाला त्वचेचा रंग चढतो. चकाकी मात्र दिव्याचा, इथे खिडकीचा, रंग जसाच्या तसा दाखवते. उजळ चेहऱ्यावर आतून परतणारा उजेड भरपूर असतो, त्यात चकाकी बुडून जाते. गडद चेहऱ्यावर तो कमी, म्हणून चेहऱ्याची घडण मुख्यतः चकाकीनेच दिसते. गालाचं हाड, नाकाची कड, ओठांची वळणं, सगळं तिच्यावर. खिडकी हिरवी असेल तर दादांच्या चेहऱ्याचे हेच भाग हिरवे होतात.

म्हणून चकाकी पावडरने मारून टाकायची नाही. फिकट पावडर गडद त्वचेवर राख फासल्यासारखी दिसते. घाम टिश्यूने टिपायचा, एवढंच. बाकीची चकाकी हवीच आहे. फक्त ती मोठी, मऊ आणि बिनरंगी हवी.

(दृश्य : खिडकीच्या चौकटीवर पांढरं सुती कापड ताणलं जातं.)

खिडकीवर पांढरं सुती कापड. आता उजेड बाहेरच्या झावळ्यांमधून तुकड्यातुकड्यांनी येत नाही. अख्खं कापडच दिवा होतं. दादांच्या गालावरची चकाकी पसरली, तिची कड विरली. उजेड समोरून नाही, बाजूने येतोय, कॅमेऱ्याच्या डावीकडून. समोरून आला असता तर दादांचा चेहरा सपाट दिसला असता आणि कपाळावर तेवढा एक ठिपका चमकला असता.

उजवीकडे पोपटी भिंत. ती रंगवून घेणं काही शक्य नव्हतं. वहिनींनी आतून घोंगडी आणली.

(दृश्य : काळी घोंगडी दोरीवर टाकली जाते, फ्रेमच्या लगेच बाहेर.)

काळी घोंगडी भिंत आणि बाकडं यांच्या मधोमध. स्टुडिओत यासाठी कापडी कटर लावतात, काम तेच. भिंतीचा उजेड थांबला, दोघांच्या सावलीतल्या गालावरचा हिरवा गेला. दादांची सावली आता जरा जास्तच काळी झाली, म्हणून त्यांच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, एक थर्माकोलची शीट. पांढरी, कोऱ्या कागदासारखी. ती खिडकीचाच उजेड परत देते, वर आपला रंग लावत नाही.

बसण्याची जागाही बदलली. दादा खिडकीजवळ, वहिनी पलीकडे. दादा अर्धं पाऊल मागे, म्हणजे त्यांची सावली वहिनींवर पडत नाही. मुळात गडद चेहऱ्याला थोडा जास्त उजेड द्यायचा, तो इथे, खोलीत. कॅमेऱ्यात नाही. कारण कॅमेऱ्यात वाढवला की तो दोघांनाही वाढतो.

आता व्हाइट बॅलन्स.

(दृश्य : एक तरुण सहायक आपल्या पांढऱ्या शर्टाकडे बोट दाखवतो.)

आमच्या सहायकाने सुचवलं, माझ्या शर्टावर घ्या. शर्ट झकास पांढरा होता, आणि तीच अडचण. धुताना नीळ किंवा हल्लीच्या धुण्याच्या पावडरीतलं पांढरेपणा वाढवणारं रसायन लागलेलं कापड किंचित निळं असतं. त्याला कॅमेऱ्याने पांढरं मानलं की तो सगळ्या चित्रातून तेवढं निळं काढून घेतो, आणि दोघंही हळदीला बसल्यासारखे पिवळे होतात.

त्याऐवजी हे करड्या रंगाचं कार्ड, 18 टक्के उजेड परत देणारं. ते दादांच्या चेहऱ्यापाशी, खिडकीच्या बाजूला किंचित वळवून धरलं. कॅमेऱ्याने 5900 केल्व्हिन दाखवलं आणि टिंट, म्हणजे हिरवा ते मॅजेंटा फिरणारा काटा, बराच मॅजेंटाकडे सरकवला. हा दुसरा आकडा लोक विसरतात. केल्व्हिनचा काटा फक्त निळा ते नारिंगी फिरतो. हिरवा त्याच्या वाटेवर नाहीच. हिरव्याचं उत्तर मॅजेंटा. केल्व्हिन कितीही वरखाली केलं तरी हिरवट चेहरा हिरवट निळा नाहीतर हिरवट पिवळा होतो. मग आकडे लॉक केले. ऑटो असतं तर वहिनींनी लाल पदर सावरला की रंग पुन्हा हलले असते.

(दृश्य : वेव्हफॉर्म मॉनिटर. मग वेक्टरस्कोप.)

एक्स्पोजरही कार्डावरच : चित्राचा उजळपणा टक्क्यांत दाखवणाऱ्या वेव्हफॉर्मवर कार्ड 42 टक्क्यांच्या आसपास. वहिनींचा चेहरा पडला 62 ला, दादांचा 43 ला. पहिल्या शॉटमध्ये हेच 68 आणि 30 होते. अंतर कमी झालं, मिटलं नाही. ते मिटवायचंही नव्हतं.

आणि हा वेक्टरस्कोप, चित्रातल्या रंगांची दिशा ठिपक्यांनी दाखवणारा. यात एक तिरकी रेघ असते, त्वचेची. वहिनींच्या चेहऱ्याचे ठिपके या रेघेवर आहेत, दादांचेही बहुतेक याच रेघेवर. माणसांच्या त्वचेत फरक पडतो तो मुख्यतः उजळपणाचा आणि रंगाच्या तीव्रतेचा. रंगाची दिशा साधारण एकच, कारण सगळ्यांच्या कातडीखाली रक्त तेच. दादांचे ठिपके रेघ सोडून हिरव्याकडे झुकलेले दिसले, की दोष दादांचा नाही, उजेडाचा.

(दृश्य : संध्याकाळ. खिडकी काळी. एक स्वस्त एलईडी पॅनल.)

सहानंतर खिडकी संपली. आणलेलं एलईडी पॅनल लावलं, कार्डावर पुन्हा व्हाइट बॅलन्स घेतला. कार्ड अगदी करडं. तरी दादांचे ओठ जांभळट-राखी, वहिनींचं कुंकू विटकरी. या पॅनलच्या उजेडात गडद लाल जवळजवळ नाहीच. जे उजेडात नाही ते त्वचा परत देऊ शकत नाही, आणि व्हाइट बॅलन्सही पैदा करू शकत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात सीआरआय, म्हणजे या उजेडात रंग किती खरे दिसतील याचा आकडा, लिहिलेला असतो, पण तो आठ फिकट रंगांची सरासरी आहे. गडद लालचा आकडा वेगळा, आर9 नावाचा, आणि तो छापलाच नसेल तर का छापला नाही ते ओळखावं.

शेवटी देवघरातला जुना पिवळा बल्ब कामाला आला. तारेचा बल्ब असल्यामुळे त्यात लाल भरपूर. कॅमेरा 2800 वर, बल्ब थर्माकोलवर उलटा मारलेला. उजेड कमी, म्हणून आयएसओ 1600. दादांच्या सावलीतल्या भागात चित्र थोडं दाणेदार झालं. राखी ओठांपेक्षा दाणे परवडले.

(दृश्य : दादा आणि वहिनी तळहात कॅमेऱ्यासमोर धरतात.)

मॉनिटर नसेल, मोबाइलवर शूट करत असाल, तर आधी ब्यूटी फिल्टर बंद करा. तो विचारल्याशिवाय गोरं करतो. मग हे एक करून पाहा. दोघांचे तळहात शेजारी शेजारी. तळहातात मेलॅनिन फार कमी, म्हणून दोघांचे जवळपास सारखे दिसायला हवेत. हे दिसतायत. वहिनींच्या बोटांना हळदीचे डाग. दादांच्या तळव्यावर दोरीचे घट्टे, मधोमध गुलाबी.

"आता बोलूक सुरवात करू?" दादांनी विचारलं.

(दृश्य : दोन चेहरे, एक फ्रेम. मुलाखत सुरू होते.)