आभाराचं पत्र इंग्रजीत नेताना

आज एकच पत्र समोर ठेवून बोलतो. आई घरी परतल्यावर मुलांनी वॉर्डातल्या नर्सना मराठीत लिहिलेलं पत्र आहे, असं समजा. नर्सना मराठी येत नाही, म्हणून ते इंग्रजीत न्यायचं आहे.

मजकूर असा: “सिस्टर, तुमचे उपकार आम्ही या जन्मी फेडू शकणार नाही. आईला हलताही येत नव्हतं. रात्रभर दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवलंत. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा गादीपासून उचलून ठेवल्यात. तिला पाठीला जखम झाली नाही.”

पहिल्या वाक्यातला ‘उपकार’ जसाच्या तसा ‘फेवर्स’ केला, तर नर्सनी नियम वाकवून काही दिलं असा वास येतो. तिथे ‘वी विल ऑलवेज बी ग्रेटफुल टु यू’ एवढं साधं वाक्य पुरतं. ‘या जन्मी’ सुटतं, त्याची हळहळ मला वाटते. पण ते भरून काढायला ‘एंजल्स’ आणू नका. मुळात तो शब्द नाही, आणि त्यात आपलं शिकून कमावलेलं कौशल्य झाकलं जातं, असं अनेक नर्सना वाटतं.

पत्राचा खरा जीव पुढे आहे. हलता न येणाऱ्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर एकाच जागी दाब राहिला की रक्तपुरवठा अडतो आणि कातडी मरते. म्हणून वळवणं, म्हणून ती उशी. हे घरच्यांच्या नजरेला पडलं, हेच नर्सच्या मनाला भिडतं. तेव्हा हा तपशील ‘एक्सलंट केअर’मध्ये बुडवू नका.

इथे आणखी एक घसरण होते. ‘वळवलंत’मध्ये ‘तुम्ही’ क्रियापदातच आहे, वेगळा शब्द नाही. घाईत ‘शी वॉज टर्न्ड’ लिहिलं जातं आणि पत्र डिस्चार्ज कार्डासारखं होतं. लिहा, ‘यू टर्न्ड हर एव्हरी टू अवर्स, ऑल थ्रू द नाइट.’ मात्र इंग्रजी ‘यू’ एकीला की सगळ्यांना, हे कळत नाही. म्हणून सुरुवातीलाच ‘टु ऑल द नर्सेस, डे अँड नाइट’ असं संबोधन घ्या. ‘सिस्टर’ही टाळा. ब्रिटनमध्ये ते वॉर्ड सांभाळणाऱ्या वरिष्ठ नर्सचं पद आहे, आणि वॉर्डात पुरुष नर्सही असतात.

शेवटचं वाक्य जितकं आहे तितकंच ठेवा: ‘द स्किन ऑन हर बॅक नेव्हर ब्रोक डाउन.’ ‘यू सेव्ह्ड हर लाइफ’ असं मुलांनी लिहिलेलं नाही, तर आपणही लिहायचं नाही.

असं पत्र बहुतेकदा फलकावर लागतं. म्हणून आजाराचं नाव आणि खाटेचा क्रमांक गाळा. वॉर्ड आणि महिना मात्र ठेवा, म्हणजे त्या पाळ्यांतल्या माणसांना आपलंच पत्र आहे हे कळेल. मराठी मूळ त्याच कागदावर वर राहू द्या आणि सह्या मुळाखालीच घ्या.