पहिली विडी किती वेळात?

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं मेडिकल. सकाळची वेळ.)

“मॅडम, विडी सोडायचीय. ते निकोटीनचं च्युइंगम द्या.”

पन्नाशीचे काका. 2 मिलिग्रॅमचं च्युइंगम चिठ्ठीशिवाय मिळतं, त्यामुळे विचारपूस काउंटरवरच व्हायला हवी.

“नुसती विडीच ना काका? तंबाखू मळत नाही?”

“नाही, विडीच.”

“सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात पेटवता?”

“चूळ भरली की लगेच.”

दिवसाला किती विड्या, यापेक्षा हे उत्तर जास्त सांगून जातं. रात्रभरात शरीरातलं निकोटीन उतरतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत विडी लागत असेल, तर व्यसन खोलवर रुजलेलं असतं. अशा माणसाला 2 मिलिग्रॅम सहसा पुरत नाही, आणि 4 मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

“इतक्यात हार्ट अटॅक, छातीत दुखणं?”

“तसं काही नाही.”

“रोजची औषधं?”

काका खिशातून पाकीट काढतात. दम्याच्या गोळ्या. मागे बारीक अक्षरात लिहिलंय, थिओफिलिन.

इथे मॅडम थांबतात. विडीच्या धुरातल्या घटकांमुळे लिव्हर हे औषध नेहमीपेक्षा लवकर संपवतं. काकांना लागू पडलेला डोस विडी चालू असतानाचा आहे. विडी सुटली की काही दिवसांतच लिव्हरचा हा वेग मंदावतो आणि तीच गोळी रक्तात जास्त साठू लागते. मळमळतं, हात थरथरतात, छातीत धडधडतं, झोप उडते. माणसाला वाटतं, च्युइंगम बाधलं. तो ते टाकून देतो, पुन्हा विडी धरतो, आणि त्याला खरंच बरं वाटू लागतं! विडी सोडवत नाही, अशी त्याची खात्रीच पटते. दोष मात्र ना च्युइंगमचा, ना त्याच्या निश्चयाचा.

हा परिणाम धुराचा, निकोटीनचा नव्हे. तंबाखू मळणाऱ्याच्या बाबतीत तो होत नाही. म्हणून ओढता की मळता, हा प्रश्न आधी.

मॅडम कागदावर डॉक्टरांसाठी दोन ओळी लिहितात: विडी सोडत आहेत, थिओफिलिनचा डोस पाहावा, च्युइंगम 4 मिलिग्रॅम द्यावं का?

“काका, आज संध्याकाळीच डॉक्टरांना दाखवा. आणि च्युइंगम मिळालं की सारखं चावायचं नाही. हळू चावा, तिखट झिणझिणी आली की गालात धरून ठेवा. चव गेली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा नको.”

“चहा का नको?”

“तोंड आंबट झालं की निकोटीन गालातून नीट शोषलं जात नाही. तंबाखूला चुना लावतात ना, त्याच्या बरोबर उलट.”

काका कागद घडी करून गोळ्यांच्या पाकिटात सरकवतात.

“विडी सोडल्यावर आठ दिवसांनी या. हात थरथरले किंवा धडधडलं, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.”