आठव्या रेपला बुड आधी का उठतं

[दृश्य: लातूर, ऑक्टोबरची संध्याकाळ. पत्र्याचं छत असलेली व्यायामशाळा. स्क्वॅट रॅकमध्ये एक तरुण, बारवर एकूण 80 किलो.]

निवेदन :

हा स्क्वॅटचा तिसरा सेट आहे. ठरलेले रेप आठ. पहिले पाच व्यवस्थित झाले. सहाव्याला बार थोडा रेंगाळला, सातव्याला जास्त. आता आठवा. तो खाली बसला, जोर लावला, आणि उठताना आधी बुड वर आलं. बार मात्र जवळपास तिथंच राहिला. छाती खाली झुकली, आणि मग उरलेला बार त्याने कमरेच्या ताकदीवर वर ओढला.

रेप झाला. बाजूच्या पोरांनी ‘जमलं, जमलं!’ म्हणून टाळ्या दिल्या. वहीत आठ लिहिले गेले.

आपण बोलणार आहोत ते या एका रेपबद्दल. वहीत तो बाकीच्या सातांसारखाच दिसतो, पण शरीरात त्याचं ओझं वेगळ्याच ठिकाणी पडलेलं आहे.

[दृश्य: बाजूने घेतलेलं चित्रण. पडद्यावर दोन चौकटी: डावीकडे दुसरा रेप, उजवीकडे आठवा.]

हे चित्रण कमरेच्या उंचीवर, अगदी बाजूने घेतलेलं आहे. समोरून पाहिलं तर यातलं काहीच कळत नाही, आणि जिममध्ये आरसा नेमका समोर असतो.

दोन्ही चौकटींत क्षण एकच आहे. तळ सोडून थोडं वर आल्यावर बार जिथे अडतो, ती जागा. बारच्या टोकापासून एक उभी रेघ खाली सोडली, की ती पावलाच्या मध्यावर येते. दोन्ही चौकटींत येते, आणि यायलाच हवी, कारण वजन पावलाच्या बाहेर गेलं तर माणूस तोल जाऊन पडेल. म्हणजे बार जागचा हलत नाही. हलतो तो बारखालचा माणूस.

आता त्या रेघेपासून दोन अंतरं मोजू. एक गुडघ्यापर्यंतचं, एक खुब्यापर्यंतचं. भरलेली बादली अंगाजवळ धरली तर हलकी वाटते, हात लांब करून धरली तर तीच बादली खांदा मोडते. वजन तेवढंच असतं, सांध्यापासूनचं अंतर बदललेलं असतं. इथेही हिशोब तोच.

दुसऱ्या रेपमध्ये गुडघा रेघेच्या पुढे साधारण 16 सेंटीमीटर आहे आणि खुबा मागे 22. आठव्या रेपमध्ये गुडघा फक्त 9 सेंटीमीटर पुढे आणि खुबा 28 मागे. ही मापं या तरुणाच्या चित्रणावरून ढोबळ काढलेली आहेत. शरीराचं स्वतःचं वजन हिशोबात धरलेलं नाही.

80 किलोला या अंतरांनी गुणून पाहा. गुडघ्यावरचा भार 1280 वरून 720 वर आला, म्हणजे जवळजवळ निम्म्याने उतरला. खुब्यावरचा 1760 वरून 2240 वर गेला. बारवर एक किलोसुद्धा वाढवलेला नाही. धड फक्त 8 अंश जास्त झुकलं आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला एवढा फरक सहसा दिसतही नाही.

[दृश्य: मांडीचा जवळून घेतलेला शॉट. शेवटच्या रेपला मांडीचा पुढचा भाग थरथरतो.]

शरीर असं का करतं? गुडघा सरळ करण्याचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूंचं. खोल बसलेल्या स्थितीतून उठताना त्यांच्यावर सगळ्यात जास्त ताण असतो, आणि सेटच्या शेवटी ते आपली नेहमीची ताकद लावू शकत नाहीत. मग मेंदू दुसरी वाट काढतो. गुडघा मागे घेतला की गुडघ्याचं काम कमी होतं. तो मागे घ्यायचा तर बुड वर आणि मागे जाणारच, आणि बार पावलावर ठेवायचा तर धड पुढे झुकणारच. जे काम मांडीला झेपत नव्हतं, ते नितंबांच्या, मांडीच्या मागच्या आणि पाठीच्या स्नायूंकडे गेलं, कारण त्यांच्यात अजून थोडी ताकद शिल्लक होती.

यात आळस नाही आणि बेफिकिरीही नाही. ‘छाती वर, छाती वर!’ असं कितीही ओरडलं तरी आठव्या रेपला ते जमत नाही, त्याचं कारण हेच. छाती वर ठेवायची तर गुडघा पुढे हवा, आणि गुडघा पुढे असला तर त्याच थकलेल्या मांडीने सगळा भार उचलायला हवा. पोराला सूचना ऐकू येत असते. ती पाळायला लागणारी ताकद त्या क्षणी मांडीत नसते.

[दृश्य: पाठीचा खालचा भाग, बाजूने. पट्टा नाही.]

इथवर कुणी म्हणेल, खुब्याचे स्नायू मोठे आहेत, घेऊ द्या की भार. ते खरं आहे. खुबा हा भार सहसा पेलतो. अडचण त्याच्या वर, कमरेत आहे.

कण्याच्या दोन्ही बाजूंनी उभे जाणारे स्नायू धड पुढे कोसळू देत नाहीत. पण ते मणक्यांमधल्या गादीच्या मध्यापासून जेमतेम 5 सेंटीमीटर मागे असतात. ओढायला त्यांच्याकडे एवढीच तरफ. आपल्या तरुणाचा बार कमरेच्या शेवटच्या मणक्यापासून दुसऱ्या रेपला अंदाजे 17 सेंटीमीटर पुढे होता, आठव्याला 22. वाढलेलं अंतर 5 सेंटीमीटर आणि स्नायूंची तरफही 5 सेंटीमीटर. म्हणजे त्या 8 अंशांच्या झुकण्यापायी कमरेच्या स्नायूंना आणखी 80 किलोइतकं जादा ओढावं लागलं. आधीचं साधारण 270 किलोइतकं ओढणं चालूच होतं.

आता हे स्नायूही थकले तर? मग कंबर गोल होते. कमरेची नेहमीची आतली कमान हळूहळू सपाट होते आणि मग बाहेर वळते. कंबर पूर्ण वाकते तेव्हा हे स्नायू बरंचसं काम सोडून देतात आणि भार मागच्या अस्थिबंधांवर आणि गादीवर येतो. स्नायू थकला तर रात्रीच्या झोपेनंतर, दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर सावरतो. अस्थिबंध आणि गादी यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्या सावकाश सावरतात. शिवाय वारंवार ताणले गेलेले अस्थिबंध काही काळ सैल राहतात, म्हणजे पुढच्या सेटला कंबर आणखी लवकर गोल होते.

कंबर एकदा गोल झाली म्हणजे दुखापत झालीच, असं मात्र नाही. शरीर सवयीने बरंच काही पेलायला शिकतं. धोका आहे तो या गोष्टी एकत्र येण्यात: सवयीपेक्षा जास्त भार, तो थकव्यात, आणि आठवड्यामागून आठवडा.

[दृश्य: सकाळ. लातूरच्या बाजार समितीचं आवार. सोयाबीनची आवक. हमाल पाठीवर कट्टे वाहतात.]

या तरुणाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती व्यायामाच्या तक्त्यात कुठेच लिहिलेली नसते. पोलीस भरतीची तयारी करणारा हा पोरगा हंगामात सकाळी आडतीवर हमाली करतो. पन्नास-साठ किलोचे कट्टे, वाकून उचलायचे आणि थप्पीला लावायचे. संध्याकाळी रॅकखाली उभा राहतो तेव्हा त्याची मांडी बऱ्यापैकी ताजी असते, पण कंबर सकाळपासून राबलेली असते. म्हणून उन्हाळ्यात आठव्या रेपलाही न दिसणारी चूक ऑक्टोबरमध्ये दिसते. वजन तेच, पोरगा तोच.

ऊसतोडीला जाणाऱ्या, विटभट्टीवर काम करणाऱ्या मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांची हीच गत आहे. शहरातल्या बैठ्या नोकरदारासाठी केलेला तक्ता त्यांच्या हाती दिला जातो, हे मला फार खटकतं.

[दृश्य: व्यायामशाळा. प्रशिक्षक मोबाईलवर चित्रण दाखवतात.]

प्रशिक्षक : “हे बघ, इथं. बुड आधी उचललंस. बार कुठाय?”

तरुण : “खालीच हाय की सर.”

प्रशिक्षक : “दुसऱ्या दिवशी दुखतंय कुठं? मांडी का कंबर?”

तरुण : “कंबर भरून येती. मांडीला तर काहीच नाही वाटत.”

निवेदन :

हा प्रश्न अगदी नेमका आहे. स्क्वॅटनंतर मांडी भरून यायला हवी. दर वेळी कंबरच भरून येत असेल, तर शेवटच्या रेपांचं काम कंबर करते आहे.

झुकणं हीच चूक, असा समज मात्र करून घेऊ नका. ज्यांची मांडी लांब असते त्यांचं धड पहिल्या रेपपासूनच जास्त झुकतं. बार पाठीवर थोडा खाली ठेवणाऱ्यांचंही झुकतं. ती त्यांची ठेवण. तुलना शेजारच्याशी करायची नाही, आपल्याच दुसऱ्या रेपशी करायची. बार सावकाश चढणं हीसुद्धा चूक नाही. दुसऱ्या रेपच्याच वाटेने, पण हळू चढणारा रेप चांगला असतो, मांडीला त्याचाच खरा व्यायाम होतो. पाहायचं एवढंच, की तळातून निघताना बुड आणि बार बरोबर निघतात का. बुड निघालं आणि बार मागे राहिला, तिथे सेट संपला. पुढचा रेप मारता येईल, पण तो वेगळाच व्यायाम असेल.

श्वासाकडेही पाहा. सुरुवातीच्या रेपांना हा तरुण वर उभा राहून पोटभर श्वास घेतो, रोखतो, मग बसतो. त्या रोखलेल्या श्वासाने पोटात दाब तयार होतो आणि कमरेला समोरून टेकू मिळतो. सहाव्या रेपपासून त्याला धाप लागते, श्वास अर्धवट राहतो आणि तो घाईने खाली जातो. पत्र्याखालच्या उकाड्यात हे आणखी लवकर होतं. दोन रेपांच्या मध्ये वर उभं राहून एक-दोन श्वास जास्त घेतले, तर काही वेळा एक स्वच्छ रेप वाढतो.

[दृश्य: पुढचा आठवडा. बारवर 70 किलो.]

प्रशिक्षकांनी हंगामापुरता बदल केला. आडतीवर काम असेल त्या दिवशी 70 किलो, सहा-सहाचे तीन सेट, आणि दोन रेप हातात राखून थांबायचं. मांडीला कमी पडलेलं काम शेवटी पायऱ्यांवर एकेका पायाने चढून भरून काढायचं, दोन्ही हातात हलके डंबेल घेऊन. त्यात धड उभं राहतं, त्यामुळे मांडी पूर्ण थकली तरी भार कमरेकडे फारसा जात नाही. मांडीला दमवायचंच असेल, तर ते अशा ठिकाणी दमवावं.

पाय बधिर होत असेल, मुंग्या येत असतील किंवा कळ गुडघ्याखाली उतरत असेल, तर चित्रण पाहत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. या तरुणाला तसं काही नव्हतं.

[दृश्य: तिसरा सेट, सहावा रेप, बाजूने.]

प्रशिक्षक : “थांब. ठेव रॅकवर.”

तरुण : “अजून दोन निघतील सर.”

प्रशिक्षक : “निघतील. कशानं निघतील ते सांग.”

[तरुण बार रॅकवर ठेवतो, वही उघडतो आणि 70 किलोसमोर सहा लिहितो.]